शेगडीवाल्याची भाकरी

काल आमच्या घरात पहिल्यांदा ज्वारीची भाकरी टम्म फुगली. केली शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने.

पंधरा दिवस मी झटतोय. पोळी-भात सोडून काही न शिवणारं माझं घर. पिठात चौथा हिस्सा नाचणी मिसळली, तर मुलीने विचारलं, "बाबा, पोळी आजारी आहे का?" बाजरीचं पीठ मी हौसेने दोन किलो दळून आणलं. त्यात तेलाचा अंश जास्त, म्हणून ते लवकर कडवट होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते कडू झाल्यावर, सगळ्यांनी, एकदम.

काल ज्वारी थापत होतो. भाकरी तव्यावर टाकायला उचलली की चार तुकडे. बर्नर उघडून बसलेला तो माणूस बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, पीठ कधीचं?"

"महिना झाला असेल."

त्याने काळ्या बोटांनी चिमूटभर पीठ उचललं, हुंगलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तसं तोंड केलं. "विरी गेली ह्याची."

"म्हणजे?"

"गव्हात चिकटा असतो, ओढला तरी तुटत नाही. ज्वारीत तो नसतोच. त्यात पीठ जुनं. गार पाण्यात मळलंत ना?"

मी मान खाली घातली. स्वतःच्या ओट्यापाशी.

त्याने हात धुतले, न विचारता. वाटीभर पीठ घेतलं आणि वाटीला थोडं कमी पाणी खळखळ उकळून त्यावर ओतलं. चमच्याने कालवून पाच मिनिटं झाकलं. "उकड काढली की पीठ धरतं." मग गरम असतानाच तळहाताने रगडून रगडून मळलं, तेही एका भाकरीपुरतं. थापली, पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "पाणी सुकायला लागलं की उलटायची. पार सुकू दिलंत तर तडकते." दुसरी बाजू भाजून झाल्यावर थेट आचेवर धरली आणि ती फुगली, निर्लज्जासारखी.

आई स्वयंपाकघरात आली. पंधरा दिवस "आपल्यात भाकरी कुणी खात नाही" म्हणणाऱ्या आईने तूप मागितलं. बायकोने अर्धी खाल्ली. मुलीने उरलेली खाऊन विचारलं, "काका, तुम्ही रोज येता का?"

माझे चार तुकडे परातीतच होते. ते रात्री मीच ताकात कुस्करून खाल्ले.

जाताना त्याने दुरुस्तीचे पैसे पूर्ण घेतले. भाकरीचे नको म्हणाला, वर "ताजं पीठ आणा, थोडं थोडं" असा सल्ला दिला.

बर्नर अजून फुरफुरतोच आहे. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही.