उजवीकडे चमकतंय, पण वळणार कधी?

पुढे स्कूटर, उजवा इंडिकेटर टकटक चालू. आपण मागे थांबलोय, आता वळेल, मग वळेल. दोन चौक गेले, स्वारी सरळच! मग गल्लीतून निघणारा वैतागून गाडी पुढे काढतो, कारण त्याला वाटतं ही आधीच वळणार. तिथेच ठोकर.

अहो, कारचा इंडिकेटर स्टिअरिंग सरळ झालं की आपोआप बंद होतो. बहुतेक दुचाकींना ती सोय नाही. वळून झालं की अंगठ्याने ते बटण मधोमध दाबायचं, बस्स. कारवाल्यांनीही हसू नये: लेन बदलताना स्टिअरिंग इतकं कमी फिरतं की दांडी परत येतच नाही, हातानेच आणावी लागते.

दुसरी जमात वळता वळता इंडिकेटर देते. ताशी ४० च्या वेगात सेकंदाला ११ मीटर जातात. मागच्याला दिसून, कळून, ब्रेक लावायला निदान तीन सेकंद, म्हणजे तीसेक मीटर आधी हवा. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग ब्रेक. पण फार लवकरही नको. मध्ये दुसरी गल्ली असेल तर ती ओलांडल्यावरच द्या. आणि हात हलवून इंडिकेटर चालूच राहिल्याचं सांगणाऱ्यावर डोळे काय वटारता?