रात्रीच्या टीव्हीसाठी 'फक्त ब्लूटूथच घ्या' म्हणणाऱ्यांना उत्तर

फिरत असलेला मेसेज असा: "रात्री टीव्ही बघायचा असेल तर ब्लूटूथ हेडफोनच घ्या. आता ५.३ आलंय, आवाज मागे पडत नाही. वायर सोफ्यापर्यंत पोचत नाही आणि नव्या टीव्हीला हेडफोनचं भोकच नसतं. ब्लूटूथ लावलं की घरच्यांना काही ऐकू जात नाही."

५.३ पासून सुरुवात करू. खोक्यावरचा हा आकडा ब्लूटूथच्या आवृत्तीचा आहे, आवाज किती उशिरा पोचेल याचा नाही. तो उशीर ठरतो कोडेकवर, म्हणजे आवाज कोणत्या पद्धतीने दाबून पाठवला जातो त्यावर, आणि तुटक सिग्नलमध्ये आवाज अडखळू नये म्हणून हेडफोन किती आवाज आधी साठवून ठेवतो त्यावर. टीव्ही आणि हेडफोन यांच्यात बहुतेक वेळा एसबीसी हा सर्वांत जुना, सामायिक कोडेक चालतो. त्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात, मग खोक्यावर ५.० असो की ५.३. आवाज चित्राच्या मागे सुमारे १२५ मिलिसेकंदांहून जास्त राहिला की बघणाऱ्याला ते जाणवू लागतं, असं प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत धरलं आहे.

मग 'माझ्याकडे तर अगदी जुळतंय' असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. ते बहुतेक वेळा टीव्हीतल्याच ॲपवर बघत असतात. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीच्या हातात असतात. हेडफोनला उशीर होतोय हे प्लेयरला कळतं आणि तो चित्र तेवढंच थांबवून ठेवतो. मोबाइलवरही हेच होतं, त्यामुळे मोबाइलवर जुळलेला हेडफोन टीव्हीवर जुळेलच असं नाही. सेट-टॉप बॉक्सचं चित्र मात्र एचडीएमआयने बाहेरून येतं. ते २०० मिलिसेकंद अडवायचं तर सेकंदाला ५० फ्रेमच्या हिशेबाने दहा फ्रेम साठवाव्या लागतात, आणि बरेच टीव्ही ते करत नाहीत. वेस्ट इंडीजमधली कसोटी रात्री उशिरापर्यंत बघणाऱ्याला हे लगेच कळेल: चेंडू बॅटला लागून निघून गेल्यावर 'टॉक' ऐकू येतो.

टीव्हीच्या मेनूतलं 'ऑडिओ डिले' इथे सहसा कामाचं नाही. ते आवाज आणखी मागे ढकलतं. आपल्याला तो पुढे आणायचा असतो.

विकत घेण्याआधी, निदान परत करण्याची मुदत संपण्याआधी, तपासणी अशी करा. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जवळून दिसेल असं चॅनेल सेट-टॉप बॉक्सवर लावा आणि प, ब, म या अक्षरांकडे लक्ष द्या. त्यांना ओठ पूर्ण मिटतात, त्यामुळे चूक लपत नाही. आधी टीव्हीच्या स्पीकरवर बघा, कारण कधीकधी चॅनेलचंच प्रसारण बिघडलेलं असतं. मग हेडफोनवर. ॲपवरची चाचणी वेगळी करा. एकीचा निकाल दुसरीला लावू नका.

ब्लूटूथवरच उशीर खरोखर कमी करायचा तर टीव्हीच्या आउटपुटला वेगळा ट्रान्समीटर लावावा लागतो. ॲप्टएक्स लो लेटन्सी या कोडेकवर उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ते ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींत असायला हवं. एकात नसेल तर जोडी गुपचूप एसबीसीवर उतरते, आणि पैसे वाया गेल्याचं पडद्यावर कुठे लिहून येत नाही. मोबाइलसाठीच्या बहुतेक इअरबड्समध्ये ते नसतं.

आता वायर पोचण्याबद्दल. पुण्या-मुंबईच्या वन बीएचकेतल्या हॉलचा हिशेब करून बघू. टीव्हीच्या मागून जमिनीपर्यंत १ मीटर, भिंतीच्या कडेने सोफ्यापर्यंत ३ मीटर, तिथून हातापर्यंत १ मीटर. म्हणजे साडेतीन मिलिमीटर पिनेची ५ मीटर एक्स्टेंशन केबल पुरते, आणि हेडफोनची स्वतःची सव्वा मीटर वायर मान हलवायला मोकळी राहते. केबल खोलीच्या मधून नेऊ नका. अंधारात पाण्याला उठलेला माणूस तिच्यात अडकतो.

भोक नसणं ही अडचण खरी आहे, पण बऱ्याच टीव्हींना ऑप्टिकल आउटपुट असतं. त्याला ऑप्टिकल ते ॲनालॉग असा छोटा कन्व्हर्टर लागतो. हेडफोनचं भोक आणि आवाजाची चकती असलेलाच घ्या. ऑप्टिकलमधून आवाज बहुधा ठरावीक पातळीवर येतो आणि रिमोटने कमी-जास्त होत नाही; चकती नसेल तर पहिल्याच वेळी कान फुटल्यासारखं होतं. जोडताना केबलच्या दोन्ही टोकांवरची पारदर्शक टोपणं काढा, ती तशीच राहतात म्हणून बरेच कन्व्हर्टर 'खराब' ठरतात. मग टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट `PCM` वर ठेवा. डॉल्बी किंवा ऑटो राहिलं तर साध्या कन्व्हर्टरला ते उलगडत नाही: शांतता किंवा खरखर. बारीक घरघर येत असेल तर कन्व्हर्टरला टीव्हीच्या यूएसबीऐवजी मोबाइलच्या चार्जरवरून वीज द्या.

टीव्हीच्या मागे तसंच दिसणारं एक भोक 'एव्ही इन'चंही असतं. त्यात हेडफोन घालून काहीच ऐकू येणार नाही, ते आत घेण्यासाठी आहे. सेट-टॉप बॉक्सच्या एव्ही आउटमध्ये घातला तर आवाजात भर्रर्र मिसळतं, कारण त्या चार टप्प्यांच्या पिनेतून चित्राचा सिग्नलही जातो.

वायरचाही एक खास बिघाड आहे. पार्श्वसंगीत ऐकू येतं पण संवाद जवळजवळ गायब! पिन अर्धवट बसली, किंवा माइकवाल्या हेडफोनची पिन स्वस्त एक्स्टेंशनशी जुळली नाही, की दोन्ही कानांची सामायिक परतीची तार, म्हणजे अर्थिंग, तुटते. मग फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो, आणि दोन्हीकडे सारखाच असलेला संवाद एकमेकांना खोडून टाकतो. पिन शेवटपर्यंत दाबा. तरीही तसंच राहिलं तर माइक नसलेला हेडफोन लावून बघा.

घरच्यांना काही ऐकू न जाण्याचा ब्लूटूथशी संबंधच नाही. मागून उघडा असलेला हेडफोन वायरचा असो की बिनवायरचा, शेजारी झोपलेल्याला चिरका आवाज पोचतोच. बंद कपांचा किंवा सिलिकॉन बोंडांचा घ्या. पण बोंडांमुळे बाळाचं रडणं आणि दाराची बेलही अडते, अशा घरात एकच कान लावलेला बरा.

खरा धोका वेगळाच आहे. बॅटरी संपली किंवा हेडफोन आपणहून मोबाइलला जाऊन चिकटला, की अनेक टीव्ही लगेच स्पीकरवर येतात, संध्याकाळी ठेवलेल्या मोठ्या आवाजात, रात्री एक वाजता. भोकातून वायर निसटली तरी हेच. म्हणून हेडफोन लावण्याआधी स्पीकरचा आवाज अगदी खाली आणून ठेवा. ऑप्टिकलवर असाल तर मेनूतून टीव्हीचा स्पीकरच बंद करता येतो का ते बघा. मग वायर सुटली तरी खोली शांत राहते.

फक्त ॲपवरच बघत असाल, किंवा घरात वायर ओढणारं लहान मूल असेल, तर ब्लूटूथ घ्याच. टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक वापरत असाल तर हेडफोन टीव्हीशी न जोडता थेट स्टिकशी जोडा, कारण चित्र तिच्यातूनच निघतं आणि जुळवून घेणंही तिलाच जमतं. सेट-टॉप बॉक्सवर क्रिकेट आणि बातम्या बघणाऱ्याने मात्र आधी ५ मीटर केबल आणावी.