हप्ता 13,215 सांगितला, आला 17,840

"मुलीच्या 10 लाखांच्या शैक्षणिक कर्जाला 13,215 रुपये हप्ता बसेल, असं तुमच्या ऑफिसात लिहून दिलं होतं. आता बँक 17,840 मागतेय. कर्ज साडेतेरा लाख कसं झालं? एक स्टारसुद्धा जास्त आहे."

ताई, नमस्कार. तुमच्या फाइलमधला तो कागद काढून पाहिला. 10 लाख, 10 टक्के, 120 महिने, एवढंच त्यावर आहे. शिकत असतानाच्या व्याजाची ओळच नाही. चूक आमची आहे आणि मी मनापासून माफी मागतो.

बँकेचा आकडा मात्र बरोबर आहे. दरवर्षी कॉलेजची फी भरताना अडीच लाख उचलले गेले. कोर्सची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नव्हता, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज लागलं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचं. वर्षाला 25,000 प्रमाणे हे साडेतीन लाख होतात. हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जातात आणि तिथून पुढे त्या व्याजावरही व्याज लागतं. म्हणून हप्ता 4,625 रुपयांनी वाढला. दहा वर्षांत त्या साडेतीन लाखांपोटी साधारण साडेपाच लाख भरावे लागतील. खरं तर हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा पहिल्या वर्षी महिन्याला फक्त 2,083 रुपये व्याज होतं, ते कदाचित तुम्ही भरत गेला असता.

तुमच्या बँकेने या पाच वर्षांत साधं व्याज लावलं आहे. काही ठिकाणी ते दर महिन्याला मुद्दलात घालतात. तसं असतं तर हप्ता 18,840 च्या आसपास गेला असता. हे स्टेटमेंटवरून कळतं. पैसे उचलल्यावर आणि पुढची रक्कम उचलण्याआधी 31 दिवसांचे दोन महिने घ्या, मध्ये दर बदललेला नसावा. अडीच लाखांवर दोन्हीकडे 2,123 च दिसलं तर व्याज साधं आहे. नंतरच्या महिन्यात आकडा फुगला असेल, तर व्याजावर व्याज चढतंय.

आता पहिला हप्ता पडायच्या आत जमेल तेवढी रक्कम भरा आणि ती साठलेल्या व्याजात जमा करून हप्ता नव्याने काढा, असं शाखेला लेखी द्या. एक लाख भरले तर हप्ता 1,321 रुपयांनी उतरेल. बँक मुदत 15 वर्षं करून देईल आणि हप्ता 14,507 वर येईल, पण एकूण 4 लाख 70 हजार जास्त जातील. अगदीच ओढाताण असेल तरच ते करा.

अर्ज मी स्वतः लिहून देतो आणि तुमच्यासोबत शाखेत येतो. आमची फी तुम्हाला परत करतोय.