बजेटच चुकलं, तर माणसाची पगारवाढ का कापता?

आज भाच्याचं अप्रेझल झालं. परचेसमध्ये आहे पोरगा. "बजेटच्या वरच्या रेटने माल घेतलास" म्हणून वाढ निम्मी केली. तो रेट कुणी, कधी, कशावरून धरला होता, हे कुणीच विचारलं नाही. सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

मी फरसाणच्या कारखान्यात कॉस्टिंग बघत होते तेव्हा हेच पाहिलंय. २०२२ च्या जानेवारीत बजेट बसलं, पामतेल १२० रुपये किलो. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. मे महिन्यात आमच्या परचेसच्या दादांनी १०,००० किलो तेल १५२ ने उचललं. रिपोर्टमध्ये ३,२०,००० चा लाल आकडा आला आणि मीटिंगमध्ये सगळे दादांवर तुटून पडले.

अहो, पण त्या महिन्यात आमच्याकडचा घाऊक भाव १६० होता! म्हणजे १२० चे १६० झाले, त्याचे ४,००,००० हा प्लॅनिंग व्हेरिअन्स, म्हणजे बजेटचा अंदाज चुकल्याने पडलेला फरक. तो बजेट मांडणाऱ्यांच्या खात्यावर टाका. १६० चा माल १५२ ला आणला, त्याचे ८०,००० वाचले, हा ऑपरेटिंग व्हेरिअन्स. दादांच्या हातात होतं ते एवढंच, आणि ते त्यांनी चोख केलं होतं. वाचवणाऱ्यालाच बोलणी!

त्याहून संताप याचा, की त्या लाल आकड्याआड खरी गळती लपली. तेवढ्या फरसाणाला ९,५०० किलो तेल पुरायला हवं होतं, लागलं १०,०००. कढईचं तापमान नीट राहत नव्हतं, तेल लवकर काळं पडून फेकावं लागत होतं. जुन्या रेटने हे ५०० किलो ६०,००० चे दिसत होते, खऱ्या भावाने ८०,००० चे. दादांनी वाचवलं तेवढं कढईने खाल्लं, आणि त्यावर मीटिंगमध्ये एक शब्द नाही.

हो, मान्य आहे, फरकाची अशी फोड करायची सोय दिली की जो तो आपलं अपयश बाजारावर ढकलतो. म्हणून तर सुधारित रेट, म्हणजे आमच्याकडचा तो १६०, परचेसवाल्याच्या कोटेशनवरून धरायचा नसतो. बाहेरच्या बाजारभावावरून, तोही बिलं बघायच्या आधी ठरवायचा. आणि स्वस्तात बुकिंगची संधी असताना कुणी झोपून राहिला असेल, तर तो दोष त्याचाच.

दादा त्या दिवशी काही बोलले नाहीत. फाइल मिटवून गोडाऊनकडे गेले. साधा, सरळ माणूस. अजून वाईट वाटतं.

भाच्याला सांगितलंय, बजेट बसलं त्या महिन्याचा आणि तू माल घेतलास त्या महिन्याचा क्राफ्ट पेपरचा बाजारभाव काढ, तुझ्या बिलांशेजारी मांड आणि साहेबांपुढे ठेव. उद्या बसतोय तो. तुमच्यापैकी कुणाकडे कागदाचे जुने घाऊक भाव असतील तर आज रात्रीच पाठवा.