पण नेहमी डोरोथियाच का?

एकच नायक नसलेली कादंबरी वाचून झाली की पहिला वाद ठरलेला असतो : ही गोष्ट खरी कुणाची? प्रत्येकजण आपापलं नाव ठामपणे सांगतो. माझं मत असं की हे नाव आपण शेवटी ठरवत नाही. पहिल्या पन्नास-साठ पानांत ते ठरून जातं आणि पुढची सगळी माणसं आपण त्याच्या जवळची किंवा लांबची म्हणून वाचत राहतो. हे कसं घडतं ते बघायला जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘मिडलमार्च’इतकं चांगलं पुस्तक मला दुसरं दिसत नाही. १८७१-७२मध्ये ते आठ भागांत प्रसिद्ध झालं. प्रकरणं ८६, शिवाय एक प्रास्ताविक आणि एक उपसंहार.

आधी हे पुस्तक कसं जुळलं ते पाहू. १८६९मध्ये इलियटनं एका गावाची कादंबरी लिहायला घेतली. तिच्यात लिडगेट हा तरुण डॉक्टर होता आणि विन्सी कुटुंब होतं. ते काम अडलं. १८७०च्या अखेरीस तिनं ‘मिस ब्रुक’ नावाची वेगळीच गोष्ट सुरू केली. नंतर दोन्ही एकत्र केल्या. आता दोन गोष्टी जोडायच्या म्हणजे एक आधी येणार, दुसरी नंतर. आधी आली डोरोथिया ब्रुक. पहिली दहा प्रकरणं जवळपास पूर्ण तिची, पहिल्या भागाचं नावही ‘मिस ब्रुक’. लिडगेट दहाव्या प्रकरणात जेमतेम डोकावतो, तोवर वाचकानं आपलं माणूस निवडलेलं असतं. त्या दोन गोष्टी उलट्या क्रमानं जोडल्या असत्या, तर बहुतेक वाचकांनी हे पुस्तक एका डॉक्टरची शोकांतिका म्हणून वाचलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

मग येतात अकरा ते अठरा ही प्रकरणं. डोरोथिया लग्न होऊन रोमला गेलेली आणि आपण गावात. कितीतरी वाचक इथेच पुस्तक ठेवून देतात किंवा पानं भराभर उलटतात. नेमकं याच पट्ट्यात पंधरावं प्रकरण आहे. पावसाळी दिवशी वाचायला काही नवं नाही म्हणून एक मुलगा धुळकट ज्ञानकोश खाली काढतो, हृदयाच्या झडपांबद्दल वाचतो आणि त्याला आयुष्याचं काम सापडतं. तो मुलगा म्हणजे लिडगेट. हे प्रकरण चाळून पुढे गेलेल्याला नंतरची त्याची पडझड नुसतं कर्जाचं आणि बायकोच्या हौशीचं प्रकरण वाटते. ज्यानं नीट वाचलंय, त्याला प्रत्येक बिलासोबत तो ज्ञानकोश आठवतो. प्रसंग तेच, वजन वेगळं. म्हणून कुणी “लिडगेटचा भाग रटाळ आहे” म्हणालं की मी आधी पंधराव्या प्रकरणाबद्दल विचारते.

सगळं एकाच माणसाभोवती वाचण्याच्या या ओढीची इलियटला पूर्ण जाणीव होती. सत्ताविसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला ती एक दाखला देते. चकचकीत आरशावर पुसून पुसून असंख्य बारीक ओरखडे उठलेले असतात, कुठेही, कसेही. त्याच्यासमोर मेणबत्ती धरा, तेच ओरखडे ज्योतीभोवती सुबक वर्तुळांत मांडल्यासारखे दिसू लागतात. ती ज्योत म्हणजे माणसाचा अहंकार, असं ती सांगते आणि पुढे लिडगेटची बायको होणाऱ्या रोझमंड विन्सीकडे वळते. मी तो दाखला वाचकालाही लावते. मेणबत्ती कुठे धरायची ते आपण नकळत ठरवतो आणि वर्तुळं मात्र पुस्तकातच होती असं समजतो.

दोनच प्रकरणांनी ती आपला हात धरून मेणबत्ती हलवते. एकोणतिसावं प्रकरण डोरोथियाच्या नावानं सुरू होतं आणि पहिल्याच वाक्यात निवेदक अडखळतो : पण नेहमी डोरोथियाच का? या लग्नात फक्त तिचीच बाजू असू शकते का? आणि आपण तिच्या नवऱ्याच्या, कॅसोबनच्या मनात शिरतो. तोवर हा वयस्कर, कोरडा पंडित आपण इतरांच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. मेव्हणीला त्याच्या चेहऱ्यावरचे केसाळ तीळ खुपतात, गावाला त्याचं वय खुपतं. आता कळतं की त्याला स्वतःलाही भीती आहे, आपण लिहीत असलेला ग्रंथ फोल ठरेल अशी. त्याच प्रकरणात ग्रंथालयाच्या शिडीवर त्याला झटका येतो, लिडगेटला बोलावणं जातं आणि दोन वेगळ्या लिहिलेल्या गोष्टी एका रुग्णाच्या उशाशी भेटतात.

इथून मी एक साधी रीत काढली आहे. अशा कादंबरीच्या दुसऱ्या वाचनात वहीत प्रत्येक प्रकरणासाठी तीन गोष्टी टिपाव्यात. आपण कुणाच्या मनात आहोत, निर्णय कोण घेतं आणि त्याची किंमत कोण मोजतं. पानं मोजू नयेत, ती फसवतात. चौऱ्याहत्तरावं प्रकरण बघा. हॅरिएट बल्स्ट्रोड तोवर रोझमंडची आत्या म्हणून इकडेतिकडे दिसलेली. नवऱ्याचा जुना कलंक गावभर होतो, तो तिला सगळ्यात शेवटी कळतो. ती खोलीचं दार लावून घेते, दागिने उतरवते, साधा काळा पोशाख घालते आणि खाली जाऊन त्याच्या शेजारी बसते. पानांच्या हिशेबात ती दुय्यम. तीन टिपणांच्या हिशेबात मात्र मन तिचं, निर्णय तिचा, किंमतही तीच मोजणार. तेवढ्यापुरती ही कादंबरी तिचीच असते. ही रीत सगळीकडे चालत नाही हेही सांगायला हवं. निवेदक कुणाच्याच मनात शिरत नसेल तर पहिलं टिपण कोरं राहतं आणि बाकीच्या दोनांवरच भागवावं लागतं.

उपसंहार मी आवर्जून क्रमासाठी वाचते. आधी रोझमंडचा भाऊ फ्रेड आणि त्याची बायको मेरी, त्यांचा संसार सुखाचा. मग लिडगेट : भरपूर पैसा, श्रीमंत रुग्ण, पन्नाशीतच मृत्यू आणि मनात कायमचं, की आपण हरलो. शेवटी डोरोथिया. लिडगेटचा परिच्छेद उचलून अगदी शेवटी ठेवून पाहा, त्याच ८६ प्रकरणांचा सूर पडतो. प्रास्ताविकात सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत तेरेसा आहे, शेवटच्या परिच्छेदांतही तिची आठवण आहे आणि इलियट डोरोथियाला तिच्याच जातकुळीची मानते, म्हणजे दोन्ही दारांवर डोरोथियाची खूण आहे. ‘नेहमी डोरोथियाच का’ हा प्रश्न लेखिकेनं मनापासून विचारला यात मला शंका नाही, पण पुस्तकाच्या रचनेत तिचं माप डोरोथियाकडेच झुकलं. मला हा दोष वाटत नाही. मात्र वाचकानं ते ओळखावं.

ओळखलं की दुसऱ्या वाचनात अडायला होतं. विसाव्या प्रकरणात डोरोथिया रोममधल्या खोलीत एकटी हुंदके देत असते. पहिल्यांदा वाचताना आपण तिच्यापासून हलत नाही. नंतर लक्षात येतं की त्याच वेळी कॅसोबन व्हॅटिकनमध्ये कागदपत्रांत बसलेला आहे. तो तिथे काय विचार करत असेल? याचं उत्तर मिळायला अजून नऊ प्रकरणं आहेत.