अंगठा ओळख देईना

नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात. माळ्यावरून स्वेटर आणि कपाटातून पेन्शनच्या आदेशाची, म्हणजे पीपीओची फाइल. स्वेटर थंडीसाठी, फाइल हयातीच्या दाखल्यासाठी. मी केंद्र सरकारचा पेन्शनर. ८० पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो; मी अजून त्या मानाला पोचलेलो नाही.

"दर वर्षी कसला पुरावा मागतात मेले!" असं सौ. म्हणते. मी गप्प बसतो, कारण नोकरीत असताना, पेन्शनर गेल्यावरही जमा झालेल्या पेन्शनच्या वसुलीची पत्रं मी टाइप केली होती. पेन्शन माणूस असेपर्यंत, पण माणूस गेल्याचं बँकेला कोण सांगणार? घरच्यांनी कळवलं नाही, तर रक्कम दर महिन्याला निमूट जमा होत राहते. एका गृहस्थांच्या खात्यात ते गेल्यावर १४ महिने पेन्शन येत होती आणि एटीएममधून निघतही होती. चिरंजीव म्हणाले, "बाबांनीच पिन सांगितला होता." त्यामुळे माझ्या जिवंतपणावर सरकारने शंका घेतली तर मला राग येत नाही.

पूर्वी बँकेत जाऊन फॉर्मवर सही केली की काम संपायचं. जागेवरून हलता न येणाऱ्यांना राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा दाखलाही चालतो. पण २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आलं आणि आधारला जोडलेल्या यंत्रावर बोट टेकवायची सोय झाली. मी उत्साहाने गेलो. अंगठा लावला, लाल दिवा. तर्जनी लावली, लाल दिवा. तिथल्या मुलीने बोटं पुसायला रुमाल दिला, मग "काका, जरा जोरात दाबा" म्हणाली. दहाही बोटांची परेड झाली. ३४ वर्षं ओल्या स्पंजावर अंगठा टेकवून सरकारच्याच फायली उलटल्या, रेषा तिथेच झिजल्या. आता त्याच सरकारला अंगठा ओळखू येईना.

मग २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला देता येऊ लागला. मुलीने फोनवरून सांगितलं, "बाबा, दोन ॲप टाका, AadhaarFaceRD आणि जीवन प्रमाणचं." यात आधी ऑपरेटर, म्हणजे ॲप चालवणारा लागतो. पेन्शनर स्वतःच ऑपरेटर होऊ शकतो, पण फोन सौ.चा, म्हणून ऑपरेटर तीच. तिचा चेहरा पहिल्या फटक्यात हिरवा झाला. मग तिने मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला आणि माहिती भरायला घेतली.

"पीपीओ नंबर?" सांगितला.

"खाते क्रमांक?" सांगितला.

"पुन्हा नोकरी लागली का?" "नाही."

"पुनर्विवाह केला आहे का?"

हा प्रश्न फॉर्मवर खरंच आहे. विचारणारी ऑपरेटर स्वतःची बायको असेल, तर उत्तराला लागणारा अर्धा सेकंदही महागात पडतो.

मग गोलात चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करायची. निर्जीव फोटो डोळे मिचकावत नाही, म्हणून ही खबरदारी. चौथ्या खेपेला जमलं, दाखल्याचा क्रमांक म्हणजे प्रमाण आयडी आला आणि आम्ही बासुंदी केली.

३१ डिसेंबरला पेन्शन आली नाही.

बँकेत गेलो. समोरच्या साहेबांनी संगणकात पाहिलं. "काका, तुमचा दाखला नामंजूर झालाय." आयडी आला म्हणजे एवढंच, की आधारने चेहरा ओळखला. तो दाखला आपल्या पेन्शनरचा आहे की नाही, हे पेन्शन देणारी कचेरी ठरवते. आमच्या खाते क्रमांकात एक आकडा चुकला होता. नामंजुरीचा मेसेज २० नोव्हेंबरलाच आला होता, पण कर्ज घ्या म्हणणाऱ्या मेसेजांच्या ढिगाखाली. jeevanpramaan.gov.in वर आयडी टाकून मी आठवड्याभरात पाहिलं असतं, तर महिना संपायच्या आत नवा दाखला देता आला असता. आयडी जन्मभराचा नसतो. दर वर्षी नवा घ्यावा लागतो, तेव्हा चुकायची संधीही दर वर्षी नवी.

शेवटी पोस्टमनला घरी बोलावलं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ७० रुपयांत घरी येऊन दाखला करून देते. त्याने आकडे दोनदा वाचून दाखवले, मी पासबुकात बोट ठेवून ताडून पाहिले, फोनसमोर डोळे मिचकावले. चहा गार व्हायच्या आत काम झालं. जानेवारीत दोन्ही महिन्यांची पेन्शन एकदम आली.

७० रुपयांची पावती सौ.ने पीपीओच्या फाइलमध्ये लावली आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं : 'ह्यांची दुरुस्ती.'