शेवटचा फोटो

आरडीएस या अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या डेटाबेस सेवेतला डेटाबेस थांबवून ठेवला की सात दिवसांनी तो आपला आपण पुन्हा चालू होतो, हे मला बिल बघून कळलं. माहिती लिहिलेली होती, वाचली नव्हती, चूक माझीच. महिनाभर मी दर आठवड्याला त्याला थोपटून झोपवत होतो आणि तान्ह्या पोरासारखा तो पुन्हा उठून बसत होता. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी ठरवलं, आता काढूनच टाकायचा.

तर तो निघेना. चुकून पुसला जाऊ नये म्हणून डिलीशन प्रोटेक्शन लावलेलं. कुणी? मीच, दोन वर्षांपूर्वी, फार हुशारीने. ते काढून आलो तर समोर दोन चौकटी: `Create final snapshot` आणि `Retain automated backups`. खाली हाताने टाइप करायचं `delete me`. शपथ सांगतो, क्षणभर वाटलं की हे तोच बिचारा म्हणतोय.

"स्नॅपशॉट घे आणि चल घरी," शेजारचा सहकारी बॅग उचलत म्हणाला. "दुसरं कशाला ठेवतोस?"

तसं त्याचं खरं होतं. फायनल स्नॅपशॉट आपण पुसेपर्यंत राहतो, भाडंही तोवर चालू. ऑटोमॅटिक बॅकअपचं आयुष्य मात्र आधी ठरवलेल्या दिवसांचं. हे दिवस जास्तीत जास्त ३५ ठेवता येतात, आमचे होते ७. डेटाबेस गेल्यावर नवे बॅकअप होत नाहीत आणि असलेले एकेक करून मुदत संपली की जातात. म्हणजे एक कायमचा पाहुणा, दुसरा आठवड्याचा. तरी मी दोन्ही चौकटींवर खूण केली. दूरदृष्टी वगैरे काही नाही, फुकट मिळालेली पिशवीसुद्धा टाकवत नाही असा आमचा स्वभाव.

सोमवारी दुपारी हिशेब विभागातून फोन. "अहो, मार्चच्या पावत्या कुठे गेल्या?"

स्नॅपशॉटमधून डेटाबेस उभा केला. पावत्यांचं टेबल रिकामं! शोध घेतल्यावर कळलं, कुणीतरी मंगळवारी अकराच्या सुमारास साफसफाई केली होती. आणि फायनल स्नॅपशॉट म्हणजे शुक्रवार संध्याकाळचा फोटो. मंगळवारी पडलेला दात शुक्रवारच्या फोटोत कुठून दिसणार?

ऑटोमॅटिक बॅकअपमध्ये मात्र मुदतीच्या आतली हवी ती वेळ मागता येते. मंगळवार, सकाळी १०:५५ मागितली. आणखी एक दिवस गेला असता तर ती वेळ मुदतीबाहेर गेली असती. पाऊण तास मी पडद्याकडे असा बघत होतो, जसा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावरचा माणूस दाराकडे बघतो. पावत्या आल्या. हिशेबवाल्या मॅडम "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण रिस्टोअर केलं की जुना डेटाबेस परत येत नाही, नवाच उभा राहतो. मी दोनदा केलं, म्हणजे आता दोन आहेत. दोन्ही चालू, दोघांचंही बिल चालू, आणि दोघांच्याही वाट्याला त्याच दोन चौकटी.